थेंब पुरेनासे झाले की: काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात

‘थेंबांनी दाब आटोक्यात येत नाही’ असं डॉक्टर म्हणाले, तरी लगेच शस्त्रक्रियेकडे वळायचं नसतं. आधी थेंब खरंच डोळ्यात पडताहेत का, ते बघायचं असतं. त्याची साधी परीक्षा घरीच होते. रात्री एकदा घालायच्या लॅटानोप्रोस्टच्या अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक थेंब पडत असेल, तर बाटली महिन्या-सव्वा महिन्यात संपायला हवी. ती तीन महिने पुरत असेल तर औषध हरलेलं नाही, ते घातलंच जात नाहीये. उलट पंधरा दिवसांत बाटली संपत असेल, तर निम्म्याहून जास्त थेंब गालावर जाताहेत. पुढच्या तपासणीला बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर थेंब घालून दाखवा. आणखी एक गोष्ट न विसरता सांगा. धुळीने डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घालत असाल, तर तेच दाब वाढवत असू शकतात.

हे सगळं ठीक असूनही दाब चढाच राहतो किंवा नजरेचा घेर मोजणारी फील्डची तपासणी दर वेळी थोडी खालावलेली येते, तेव्हा शस्त्रक्रियेचा विषय निघतो. दोन-तीन प्रकारचे थेंब चालू असताना चौथी बाटली वाढवून फारसा फरक पडत नाही, आणि त्यात नुसती वर्षं काढण्याची किंमत पुढे मोजावी लागते. थेंब खराब होऊ नयेत म्हणून त्यांत घातलेल्या द्रव्यांनी डोळ्यावरची पातळ त्वचा सतत चिडलेली राहते. अशा लालसर डोळ्यात शस्त्रक्रियेची जखम जास्त जोमाने भरून येते. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत तेच नको असतं. का नको, ते पुढे येईलच.

उदाहरणादाखल पिंपळगाव बसवंतच्या बाजूचे ६१ वर्षांचे एक द्राक्ष बागायतदार घेऊ. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे आणि कोन उघडा आहे. म्हणजे पाणी निचरण्याची जागा मोकळी दिसते, पण तिथली जाळी नीट काम करत नाही. उजव्या डोळ्यात तीन बाटल्या चालू असूनही दाब २२. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जवळजवळ पोखरलेली, फील्डचा आकडा, जो शून्याच्या जितका खाली तितकं नुकसान जास्त, उणे १९, आणि नजरेच्या मध्यबिंदूच्या अगदी शेजारपर्यंत काळा डाग येऊन ठेपलेला. समोरचं वाचता येतं म्हणून त्यांना स्वतःला हा डोळा बराच बरा वाटतो. डाव्या डोळ्यात दोन बाटल्यांवर दाब १७, फील्ड उणे ५, आणि जोडीला चांगलाच पिकत आलेला मोतीबिंदू. तक्रार ते डाव्याचीच करतात, कारण धुकं तिथे आहे. धोका मात्र उजव्याला आहे.

या दोन डोळ्यांना एकच शस्त्रक्रिया चालणार नाही, आणि त्याचं कारण एका आकड्यात आहे. त्याला लक्ष्य-दाब म्हणतात. डोळ्याचा दाब १० ते २१ मिलिमीटर पारा असला की सर्वसाधारण समजतात, पण आधीच झिजलेल्या नसेला २० सुद्धा झेपत नाही. अमेरिकेतल्या ‘एजिस’ या मोठ्या अभ्यासात ज्या डोळ्यांचा दाब प्रत्येक भेटीत १८ च्या खाली होता, त्यांचं फील्ड सहा वर्षांत सरासरीने जवळपास जागच्या जागी राहिलं. त्या गटाचा सरासरी दाब १२ च्या आसपास होता. म्हणून उजव्या डोळ्याचं लक्ष्य १२ किंवा त्याहून कमी. डाव्या डोळ्याची नस अजून बरीच शाबूत आहे. तिथे १५-१६ पर्यंत येऊन एखादी बाटली सुटली तरी चालेल. आपल्या डोळ्याचं लक्ष्य किती, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते कळल्याशिवाय ‘स्टेंट बरा की ऑपरेशन बरं’ या चर्चेला अर्थ नाही.

आता स्टेंट. हृदयात घालतात तसल्या स्टेंटशी याचं फक्त नाव जुळतं. आयस्टेंट इंजेक्ट हा टायटॅनियमचा तुकडा जेमतेम ०.३६ मिलिमीटर लांब असतो. बोटाच्या टोकावर ठेवला तर तो मिठाच्या कणाएवढा दिसेल. मोतीबिंदू काढून भिंग बसवलं की त्याच बारीक छेदातून, डोळ्यावर खास आरसेवजा भिंग धरून, असे दोन तुकडे चोंदलेल्या जाळीत रोवतात. डोळ्यातलं पाणी जाळीला वळसा घालून मागच्या कालव्यात उतरतं. वेगळा छेद नाही, टाके नाहीत, आणि डोळ्याची वरची त्वचा जशीच्या तशी राहते. पुढे कधी मोठी शस्त्रक्रिया लागलीच, तर ती जागा कोरी मिळते. हा फायदा सहसा कोणी सांगत नाही, पण तो मोठा आहे.

मर्यादाही याच रचनेत आहे. तो कालवा शेवटी डोळ्यावरच्या शिरांमध्ये रिकामा होतो आणि त्या शिरांमध्येच ८ ते १० इतका दाब असतो. शिवाय कालव्याचा स्वतःचा अडथळा वेगळा. त्यामुळे या वाटेने दाब बहुधा पंधरा-सतराच्या आसपास थांबतो. फरक किती पडतो, तेही नीट समजून घ्या. आयस्टेंट इंजेक्टच्या मुख्य चाचणीत दोन वर्षांनंतर, थेंब थांबवून मोजलेला दाब किमान पाचव्या हिश्श्याने उतरलेले डोळे स्टेंटच्या गटात १०० पैकी सुमारे ७६ होते, आणि नुसता मोतीबिंदू काढलेल्या गटात सुमारे ६२. म्हणजे बराचसा उतार मोतीबिंदू काढल्यानेच मिळतो आणि स्टेंट त्यात थोडी भर घालतो. बागायतदारांच्या डाव्या डोळ्याला हे शोभतं. मोतीबिंदू काढायचाच आहे, एखादी बाटली सुटेल, जोखीम फारशी वाढत नाही. उजव्या डोळ्यात स्टेंट घातला आणि दाब १६ वर आला, तर कागदावर शस्त्रक्रिया यशस्वी ठरेल आणि नजर मात्र जातच राहील. कोन बंद असलेल्या काचबिंदूत तर हे तुकडे रोवायची जागाच धड दिसत नाही. तिथे लेझर किंवा मोतीबिंदू काढणं हा आधीचा विचार असतो.

मधल्या वाटेवर बारीक नळ्या आहेत. प्रिझरफ्लो ही साडेआठ मिलिमीटर लांब आणि आतून ७० मायक्रॉन रुंद. ती पाणी शिरांकडे न नेता डोळ्याच्या त्वचेखाली आणून सोडते, म्हणून तिला शिरांच्या दाबाची अडचण येत नाही. ट्रॅबेक्युलेक्टमी या जुन्या, मोठ्या शस्त्रक्रियेशी तिची सरळ तुलना झाली तेव्हा वर्षाअखेरीस नळीच्या गटात सरासरी दाब १४.३ होता आणि ट्रॅबेक्युलेक्टमीच्या गटात ११.१. नळीच्या गटात दाब फार खाली जाण्याचा त्रास कमी झाला, पण लक्ष्य बारा असेल तर हा तीनचा फरक किरकोळ नाही.

म्हणून उजव्या डोळ्याला ट्रॅबेक्युलेक्टमी. १९६८ पासूनची ही शस्त्रक्रिया आजही खूप खाली दाब आणायचा असेल तर सहसा पहिली निवड असते. डॉक्टर मंडळी तिला नुसतं ‘ट्रॅब’ म्हणतात.

डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन तो बधिर करतात. रुग्ण जागा असतो, आणि एकंदर पाऊण ते एक तास लागतो. वरच्या पापणीखाली जो भाग झाकला जातो, तिथली पातळ त्वचा उचलून तिच्याखाली मायटोमायसिन नावाच्या औषधात भिजवलेले बारीक स्पंज ठेवतात. औषधाचं प्रमाण मिलिलिटरला ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम, वेळ एक ते तीन मिनिटं. मग भरपूर सलाइनने ती जागा धुतात. हे मुळात कर्करोगावरचं औषध आहे, आणि इथे ते जखमेचा व्रण तयार होऊ नये म्हणून लागतं. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागात साधारण चार बाय तीन मिलिमीटरची, निम्म्या जाडीची झडप कापतात. झडपेखालून आत एखाद्या मिलिमीटरचं भोक पाडतात. त्या भोकात आतला रंगीत पडदा येऊन अडकू नये म्हणून त्याचाही बारीक तुकडा काढतात. शेवटी झडप खाली ठेवून केसापेक्षा बारीक नायलॉनच्या टाक्यांनी ती बेताने घट्ट करतात, आणि वरची त्वचा पाणी झिरपणार नाही अशी शिवतात. आता पाणी भोकातून झडपेच्या कडांनी बाहेर येतं आणि त्वचेखाली साठून हळूहळू शोषलं जातं. तिथे एक पसरट, पाणीदार फुगवटा दिसतो. त्याला ब्लेब म्हणतात. पापणी वर करून आरशात पाहिलं तर तो दिसतो, एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही.

इथपर्यंतचं काम म्हणजे निम्मीच शस्त्रक्रिया. उरलेली निम्मी पुढच्या दोन-तीन महिन्यांत तपासणीच्या खुर्चीवर होते. टोचलेल्या कानात काही घातलं नाही तर भोक बुजतं, तसं शरीर हे भोकही बुजवायला निघतं. टाके मुद्दाम थोडे घट्ट ठेवलेले असतात, म्हणजे पहिल्या दिवसांत पाणी एकदम वाहून डोळा लिबलिबीत पडत नाही. पुढे जखम भरू लागली की तेच टाके एकेक करून सोडायचे. कधी, कुठला आणि किती, हे ठरवण्यातच सर्जनचं खरं कसब असतं.

आपल्या बागायतदारांचा हिशेब असा गेला, असं धरू. दुसऱ्या दिवशी दाब ८, ब्लेब छान, नजर मात्र धूसर. आधी ६/१२ दिसत होतं ते ६/३६ वर आलं. घरचे घाबरतात ते इथेच. ही धूसरता सहसा काही आठवड्यांत निवळते. तोवर दर एक-दोन तासांनी स्टेरॉइडचे थेंब, काही दिवस अँटिबायोटिक, आणि बाहुली सैल ठेवणारे थेंब. उजव्या डोळ्याच्या काचबिंदूच्या बाटल्या बंद, डाव्याच्या चालू. ही गल्लत घरोघरी होते. एक तर दोन्ही डोळ्यांच्या बंद होतात, नाही तर दोन्हींच्या चालू राहतात. बाटल्यांवर जाड पेनने ‘उ’ आणि ‘डा’ लिहून ठेवा.

पहिल्या आठवड्यात दाब १०. तिसऱ्या आठवड्यात १९, ब्लेब चपटा. डॉक्टरांनी भिंगातून आत पाहिलं. भोक उघडं होतं, म्हणजे अडथळा झडपेवर होता. बाहेर टोक ठेवलेला एक टाका चिमट्याने ओढून काढला. सुन्न करणाऱ्या थेंबावर हे मिनिटभराचं काम आहे. दाब ११ वर आला. सहाव्या आठवड्यात पुन्हा १७, आणि ब्लेबवर नागमोडी लाल रक्तवाहिन्या दिसू लागल्या. व्रण जमू लागल्याची ही खूण. मग बारीक सुईने त्वचेखालचे चिकटलेले पदर सोडवले आणि फाइव्ह एफयू हे व्रणरोधक औषध टोचलं. तीन महिन्यांनी दाब ११, थेंब एकही नाही, नजर पुन्हा ६/१२. यातल्या दोन भेटी चुकल्या असत्या, तर हाच डोळा १९-२० वर कायमचा बुजला असता. टाका काढावा लागला, सुई लावावी लागली, म्हणजे ऑपरेशन बिघडलं असा समज करून घेऊ नका. हे त्याचेच टप्पे आहेत. स्टेरॉइडचे थेंब मात्र ‘डोळा आता पांढरा झाला’ म्हणून स्वतःहून बंद करायचे नाहीत. ते दोन-तीन महिने हळूहळू उतरवतात.

नजर पुन्हा ६/१२ झाली म्हणजे काचबिंदूने नेलेली नजर परत आली, असं नाही. शस्त्रक्रियेआधी होती तितकी टिकली. मेलेले नसेचे धागे पुन्हा उगवत नाहीत, आणि नंतर ‘ऑपरेशन करून काही सुधारलं नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येतं ते यामुळेच.

बिघाड दोन दिशांनी होतो. दाब पाचच्याही खाली गेला तर डोळ्याच्या आतल्या थरामागे पाणी साठतं, डोळ्याच्या मागच्या पडद्याला सुरकुत्या पडतात, नजर ओढल्यासारखी वाकडी दिसते. बरेचदा हे औषधांनी आणि वाट पाहून सावरतं, कधी टाका वाढवावा लागतो. ब्लेब गळत असेल तर डोळ्यातून सतत पाणी येतं. डॉक्टर पिवळा रंग लावून निळ्या प्रकाशात पाहतात, आणि गळती असेल तिथून रंग धुऊन जाणारी धार दिसते. या काळात जोर लावणं, खोकल्याची उबळ, बद्धकोष्ठता यांनी डोळ्याच्या मागच्या थरात रक्तस्राव होऊ शकतो. अचानक तीव्र दुखून नजर गेली तर रात्र काढू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर शस्त्रक्रियेआधी ते सांगायचंच. पण त्या स्वतःच्या मनाने थांबवायच्या नाहीत, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं. मोतीबिंदू नंतर लवकर वाढतो, हेही धरून चला.

वेळ कुठली निवडायची, हा नाशिक जिल्ह्यात पोटापाण्याचा प्रश्न असतो. पहिले सहा-आठ आठवडे जवळपास दर आठवड्याला शहरात यावं लागतं, आणि त्यातला पहिला महिना तरी वाकून काम, कॅरेट उचलणं, धुळीचा रस्ता आणि औषधाची फवारणी टाळावी लागते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ब्लोअर सतत चालू असतो, आणि काढणीच्या दिवसांत कोणालाच उसंत नसते. दाब थांबू देत असेल, तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात, छाटणीच्या आधी हे उरकावं असं आम्ही सुचवू. पण दाब ३० वर आणि डाग मध्यबिंदूला टेकलेला, अशी अवस्था असेल तर हंगाम बघत बसायचं नाही. फवारणी दुसऱ्याने करावी.

दुसरा इथला मुद्दा पाण्याचा. ब्लेबची भिंत पातळ असते आणि मायटोमायसिनमुळे आणखी पातळ होते. जंतू तिथून आत शिरण्याची शक्यता पहिल्या महिन्यापुरती नसते, आयुष्यभर राहते. रामकुंडात किंवा त्र्यंबकच्या कुशावर्तात डोळे उघडे ठेवून बुडी मारणं अशा डोळ्याला परवडत नाही. २०२७ च्या सिंहस्थात स्नान करायचंच असेल, तर तांब्याने मानेखालून करावं. विहिरीत किंवा कालव्यात पोहण्यालाही हेच लागू. घरी डोक्यावरून अंघोळ पहिले काही आठवडे नाही, पुढे डोळे मिटून चालते. डोळा चोळण्याची सवय मात्र कायमची सोडायची, आणि फवारणीच्या वेळी बंद बाजूंचा गॉगल.

खर्चाबद्दल इतकंच, की आयात केलेल्या स्टेंटची किंमत बिलात वेगळी लागते आणि ट्रॅबला तसं काही लागत नाही. जनआरोग्य योजनेत किंवा विम्यात नेमकी कुठली शस्त्रक्रिया आणि कुठलं उपकरण बसतं, हे तारीख घेण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

ट्रॅब बुजली आणि सुईनेही जमलं नाही, तर पुढची पायरी मोठ्या नळीची असते. मदुराईच्या ऑरोलॅबची आडी नावाची सिलिकॉनची चकती, ३५० चौरस मिलिमीटरची, डोळ्याच्या मागच्या अंगाला शिवतात आणि तिची नळी आत सोडतात. तिला झडप नाही, म्हणून नळी विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधलेली असते. पाच-सहा आठवड्यांनी दोरा सुटतो आणि दाब एका दिवसात कोसळतो. त्या आठवड्यात गावाबाहेर जायचं नाही आणि डॉक्टरांचा नंबर जवळ ठेवायचा. तोवर काचबिंदूचे थेंब चालूच राहतात.

आणि ट्रॅबला दहा वर्षं झाली असली, तरी त्या डोळ्यात लाली, दुखणं, चिकट घाण किंवा धूसरपणा आला तर ‘डोळे आले’ असं समजून मेडिकलमधून बाटली आणू नका. ब्लेबमध्ये संसर्ग असेल तर तो काही तासांत डोळ्याच्या आत उतरतो. त्याच दिवशी, रविवार असला तरी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि दारातच सांगा की या डोळ्याचं काचबिंदूचं ऑपरेशन झालंय.